‘थीम्स समोर येतील’ म्हणजे नेमकं कोण काय करणार?

मुलाखतींवर आधारलेल्या संशोधनाचे प्रस्ताव वाचत गेलं की विश्लेषणाचा परिच्छेद जवळपास पाठ होतो. ‘मुलाखतींचे शब्दशः लेखन केले जाईल. दोन संशोधक स्वतंत्रपणे कोडिंग करतील. कोडमधून थीम्स समोर येतील. मतभेद चर्चेने सोडवले जातील. निष्कर्षांची विश्वासार्हता जपली जाईल.’ विषय क्षयरोगाचा असो, शाळा सोडणाऱ्या मुलींचा असो की शेतीकर्जाचा, ही पाच वाक्यं तीच राहतात. त्यांत चुकीचं काही नाही. पण ती वाचून कुणालाही काम सुरू करता येणार नाही, आणि काम संपल्यावर ते ठरल्याप्रमाणे झालं का, हेही तपासता येणार नाही. ही पाच वाक्यं नव्याने कशी लिहावीत, हे एका उदाहरणातून सविस्तर पाहू.

उदाहरण क्षयरोगाचं घेतो. औषधांना दाद देणाऱ्या साध्या क्षयरोगावर सहा महिने रोज गोळ्या घ्याव्या लागतात. पहिल्या एक-दोन महिन्यांत बहुतेकांचा खोकला कमी होतो, भूक लागते, अंगावर मांस येतं. नेमक्या त्याच सुमाराला काही जण गोळ्या सोडतात. का सोडतात, हा प्रश्न सरकारच्या पैशाशीही जोडलेला आहे. रुग्णाच्या पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये दिले जात होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. गोळ्या सुटण्याचं कारण गरिबी असेल तर या रकमेचा उपयोग आहे. कारण वेगळं असेल तर आणखी काही करावं लागेल. ‘किती जणांनी सोडल्या’ हे नोंदवहीतून कळतं. ‘का सोडल्या’ हे माणसांशी बोलूनच कळतं, आणि त्या बोलण्यातून निष्कर्षापर्यंतची वाट म्हणजे विश्लेषण.

पुढचा अभ्यास मी समजावण्यासाठी रचला आहे. त्यातली माणसं, त्यांचं बोलणं आणि त्यातले आकडे कल्पित आहेत. अडचणी मात्र अशा कामात खरोखर येतात त्याच आहेत. समजा, मराठवाड्यातला एक तालुका आहे. दिवाळीच्या सुमारास तिथून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. उपचार अर्धवट सोडलेल्या २४ जणांशी बोलायचं ठरलं आहे. काम दोघं करणार: एक ज्येष्ठ डॉक्टर, ज्यांची बरीच वर्षं सार्वजनिक आरोग्यात गेली आहेत, आणि समाजकार्य शिकलेली एक तरुण संशोधिका. मुलाखती ती घेणार आहे.

पहिलं वाक्य शब्दशः लेखनाचं. त्यावर फार वेळ घालवायला नको, पण दोन गोष्टी लिहायलाच हव्यात. मुलाखत मराठीत झाली तर कोडिंगही मराठी लेखनावरच होणार, की आधी इंग्रजी भाषांतर करून त्यावर? मराठीवर करावं, आणि अहवालात उद्धृत करायचे तेवढेच तुकडे शेवटी भाषांतरित करावेत, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर दोघांच्या कोडमध्ये फरक पडला तर तो समजुतीतला की भाषांतरातला, हे कधीच कळत नाही. दुसरी गोष्ट, मुलाखत घेणारी व्यक्ती रुग्णाला कोण म्हणून माहीत होती, हे प्रत्येक लेखनाच्या वर नोंदवावं. आरोग्यखात्याचं ओळखपत्र गळ्यात असलेल्या माणसाला रुग्ण ‘विसरलो’ असं सांगेल. ‘केंद्रावर ओरडतात म्हणून जात नव्हतो’ असं सांगायला त्याला जड जाईल. ही नोंद नसेल तर पुढे ‘विसरणं’ हा मोठा कोड होऊन बसतो.

आता कोडिंग. कोड म्हणजे बोलण्याच्या एका तुकड्याला दिलेलं छोटं नाव, जेणेकरून तशाच अर्थाचे इतर तुकडे शोधून एकत्र ठेवता यावेत. आपल्या अभ्यासातला एक ऊसतोड कामगार म्हणतो: ‘दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं. मग कारखान्याला गेलो. तिकडं गोळ्या कोण देणार? आणि मुकादमाला सांगितलं असतं तर त्यानं टोळीत घेतलं नसतं. उचल तर आधीच घेतली होती.’

एवढ्याशा बोलण्यात किमान पाच गोष्टी आहेत. बरं वाटल्यावर गोळ्यांची गरज न वाटणं, हंगामी स्थलांतर, कामाच्या ठिकाणी औषध न मिळणं, मुकादमापासून आजार लपवणं, आणि आगाऊ घेतलेल्या उचलीमुळे जाणं भाग असणं. डॉक्टरांनी वरवर वाचलं तर ते बहुधा पहिल्या गोष्टीवर थांबतील, कारण ‘बरं वाटलं की रुग्ण गोळ्या सोडतात’ हे त्यांना आधीपासून माहीत आहे. तरुण संशोधिकेला उचल ठळक दिसेल, कारण तिने त्या घरांत बसून हिशेब ऐकले आहेत. दोघांपैकी कुणीच चुकत नाही. पण आराखड्यात फक्त ‘स्वतंत्रपणे कोडिंग’ एवढंच लिहिलं असेल तर दोघं दोन वेगळे अभ्यास करतील, आणि ते कुणाला कळणारही नाही.

म्हणून नव्या आराखड्यात पहिल्यांदा ठरवायचं ते हे, की कोड लावायचा तुकडा केवढा. एक ओळ, एक वाक्य, की एक प्रश्न आणि त्याचं पूर्ण उत्तर? वरच्या बोलण्यात ‘तिकडं गोळ्या कोण देणार’ हे वाक्य एकटं घेतलं तर ते आरोग्यकेंद्राबद्दलची तक्रार वाटतं. पूर्ण उत्तर घेतलं तर दिसतं की त्याने तिकडे गोळ्या मागितल्याच नाहीत, कारण मागायला गेलं असतं तर आजार उघड झाला असता. अशा बोलण्यासाठी प्रश्न आणि त्याचं पूर्ण उत्तर हा तुकडा धरणं बरं, आणि एका तुकड्याला एकापेक्षा जास्त कोड चालतील, हेही लिहून ठेवावं.

दुसरी गोष्ट म्हणजे कोडबुक, प्रत्येक कोडचा अर्थ सांगणारी वही. अमेरिकेत कॅथलीन मॅक्वीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये कोडबुकमधल्या प्रत्येक नोंदीसाठी एक साधा साचा मांडला: कोडचं नाव, थोडक्यात अर्थ, सविस्तर अर्थ, कधी वापरायचा, कधी वापरायचा नाही, आणि उदाहरण. यातला ‘कधी वापरायचा नाही’ हा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा असतो, आणि खरं काम तोच करतो. ‘कामाच्या ठिकाणी आजार लपवणं’ या कोडचंच पाहा. रुग्णाने स्वतः मुकादमाला सांगितलं नाही, तर कोड लावायचा. सासूने सुनेचा आजार शेजारणींपासून लपवला, तर लावायचा नाही. तिथे लपवणारी व्यक्ती वेगळी आहे आणि ज्यांच्यापासून लपवलं ती माणसंही वेगळी. ‘सांगितलं असतं तर काम गेलं असतं’ अशी नुसती भीती आहे, पण प्रत्यक्षात सांगितलं होतं, तर? तेव्हाही नाही, त्यासाठी ‘काम जाण्याची भीती’ असा वेगळा कोड. ही तीन वाक्यं लिहायला दहा मिनिटं लागतात, आणि पुढचे कित्येक तासांचे वाद त्यामुळे टळतात.

पण ही वही पहिल्या दिवशी लिहिता येत नाही. आधी माणसांचं बोलणं वाचावं लागतं. म्हणून आराखड्यात क्रम हवा. दोघांनी पहिल्या चार मुलाखती एकमेकांशी न बोलता वाचायच्या, वाचताना सुचतील ते कोड समासात लिहायचे, मग बसून पहिली कोडबुक तयार करायची. ती पुढच्या दोन मुलाखतींवर वापरून पाहायची आणि दुरुस्त करायची. बहुतेक आराखड्यांत नसतं असं एक वाक्य यानंतर लागतं: दुरुस्त कोडबुक घेऊन पहिल्या चार मुलाखती पुन्हा कोड करायच्या. हे केलं नाही तर सुरुवातीच्या मुलाखतींमध्ये ‘उचल’ हा कोड कुठेच दिसत नाही. त्या लोकांनी उचल घेतली नव्हती म्हणून नाही, तर तेव्हा तो कोडच जन्मला नव्हता म्हणून. पुढे कुणी ‘उचलीचा उल्लेख नंतरच्या मुलाखतींत वाढतो’ असं लिहिलं तर ते संशोधकांच्या वहीचं वर्णन होईल, रुग्णांचं नव्हे. कोडबुकच्या प्रत्येक आवृत्तीवर तारीख घालायची आणि जुन्या आवृत्त्या जपून ठेवायच्या, त्या याचसाठी.

आता ‘थीम्स समोर येतील’ या वाक्याकडे येऊ. मला सगळ्यांत जास्त खटकतं ते हेच. न्यूझीलंडच्या व्हर्जिनिया ब्रॉन आणि ब्रिटनच्या व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६मध्ये मानसशास्त्राच्या अभ्यासकांसाठी थीमवर आधारलेल्या विश्लेषणाची सहा टप्प्यांची पद्धत मांडली. आज जगभरचे प्रस्ताव तिचा हवाला देतात. त्या दोघींनी तेव्हाही आणि नंतरही वारंवार बजावलं आहे, की थीम आपोआप समोर येत नाही. संशोधक ती घडवतो. हवाला त्यांचाच द्यायचा आणि खाली ‘थीम्स समोर येतील’ असं लिहायचं, हे प्रस्तावांमध्ये अजून चालू आहे. वाक्याचा कर्ता बदलला की जबाबदारीही बदलते. ‘थीम समोर आली’ म्हटलं तर ‘का आली’ असं कुणी विचारत नाही. ‘आम्ही ही थीम मांडली’ म्हटलं तर कशाच्या आधारावर, हे सांगावं लागतं.

थीम आणि विषयाचं शीर्षक यांतही मोठी गल्लत होते. ‘आर्थिक अडचणी’, ‘कौटुंबिक घटक’, ‘आरोग्ययंत्रणेशी संबंधित घटक’ ही शीर्षकं आहेत. ती एकही मुलाखत न घेता लिहिता येतात, आणि बरेचदा प्रश्नावलीतल्या भागांचीच नावं असतात. थीम ही विधान करते, आणि ते विधान चुकीचं ठरू शकतं. ‘उपचारांची व्यवस्था एका जागी राहणाऱ्या माणसासाठी आखलेली आहे, जो वर्षातले पाच-सहा महिने गावाबाहेर असतो त्याला ती पुरी पडत नाही’ हे विधान आहे. ते खोटं ठरवणारा माणूस सापडू शकतो, म्हणून ते तपासता येतं. म्हणूनच आराखड्यात मी असं वाक्य सुचवतो: प्रत्येक थीम एका पूर्ण वाक्यात लिहिली जाईल.

ते वाक्य तपासायचं कसं, तेही लिहायला हवं. इथे तक्त्याची पद्धत उपयोगी पडते. जेन रिची आणि लिझ स्पेन्सर यांनी १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये सामाजिक धोरणांच्या अभ्यासासाठी ती विकसित केली. एक मोठा तक्ता करायचा. आडव्या ओळीत एकेक माणूस, उभ्या रकान्यात एकेक कोड किंवा कोडचा गट. प्रत्येक चौकटीत त्या माणसाने त्याबद्दल काय सांगितलं याचा दोन-तीन ओळींचा सारांश आणि मूळ लेखनातला पान क्रमांक. आडवं वाचलं की एका माणसाची पूर्ण हकीकत कळते. उभं वाचलं की एका गोष्टीबद्दल सगळे काय म्हणतात ते कळतं. नुसत्या कोडिंगमध्ये माणसाची हकीकत तुकड्यांत विखुरते. तक्ता ती पुन्हा जोडतो, आणि म्हणून मला तो आवडतो.

आपल्या अभ्यासात हा तक्ता मनातल्या मनात काढून पाहिला की एक अनपेक्षित गोष्ट उघडी पडते. स्थलांतरामुळे उपचार सुटतात, असं म्हणायचं तर स्थलांतर करूनही ज्यांनी उपचार पुरे केले अशी माणसं तक्त्यात हवीत. आपण तर फक्त सोडणाऱ्या २४ जणांशी बोलणार आहोत. त्यांच्या बोलण्यात स्थलांतर भरपूर येईल. पण त्या तालुक्यात ते कुणाच्याही बोलण्यात येईल. विश्लेषणाचा आराखडा नीट लिहायला बसलं की मुलाखती कुणाच्या घ्यायच्या, हेच बदलावं लागतं, आणि ते मुलाखती सुरू होण्याआधी लक्षात येतं. म्हणून नव्या आराखड्यात उपचार पुरे केलेले आठ जण आणखी घेतले, आणि त्यांतले काही तरी ऊसतोडीला जाणारे असतील अशी अट घातली.

समजा आता ३२ ओळींचा तक्ता तयार झाला. सोडणाऱ्या २४ जणांपैकी १३ जण हंगामात गाव सोडून गेले होते. पुरे करणाऱ्या आठांपैकी तीन जण गेले होते, आणि त्यांनी गोळ्या तिकडेही चालू ठेवल्या. आपलं ‘एका जागी राहणाऱ्यासाठीची व्यवस्था’ हे विधान इथे अडखळलं. अशा वेळी मोह होतो तो या तिघांना ‘अपवाद’ म्हणून बाजूला ठेवण्याचा. आराखड्यात उलट नियम हवा: विधानाशी न जुळणाऱ्या प्रत्येक माणसाची ओळ दोघांनी पुन्हा पूर्ण वाचायची. वाचल्यावर दिसतं, की एकाचा मुकादम त्याचा चुलत मेहुणा होता. दुसरीच्या कोयत्यावर, म्हणजे जोडीला, नवरा होता आणि तोच तिला रोज गोळ्या देई. तिसऱ्याने टोळीतल्या सगळ्यांना सांगूनच टाकलं होतं. तिघांचाही आजार टोळीत कुणाला तरी माहीत होता. मग सोडणाऱ्या १३ जणांकडे परत जायचं. त्यांतल्या दहांनी आजार लपवला होता. मुकादमासमोर किंवा खोपीत सगळ्यांच्या देखत गोळ्या काढायच्या कशा, हा त्यांचा प्रश्न होता.

थीमचं वाक्य आता बदलतं: ‘हंगामी कामावर गोळ्या चालू राहणं हे अंतरावर कमी आणि टोळीत आजार उघड करता येतो की नाही यावर जास्त अवलंबून दिसतं.’ धोरणाच्या दृष्टीने ही दोन वाक्यं अगदी वेगळीकडे नेतात. पहिल्यावरून साखर कारखान्याच्या परिसरात औषध पोहोचवण्याची सोय सुचते. दुसऱ्यावरून कळतं, की औषध पोहोचलं तरी ते घेणारा पुढे येईलच असं नाही. राहिलेले तीन जण, ज्यांनी आजार सांगितला होता आणि तरीही गोळ्या संपल्यावर थांबले, त्यांना या वाक्यात कोंबायचं नाही. अहवालात त्यांची हकीकत स्वतंत्र द्यायची. आणि आकड्यांचा अर्थ ताणायचा नाही. ही ३२ माणसं मुद्दाम निवडलेली आहेत. त्यांच्यावरून तालुक्यातले किती टक्के रुग्ण आजार लपवतात, हे सांगता येत नाही. आकडे इथे एवढंच दाखवतात, की विधान किती ओळींवर उभं आहे आणि कुठल्या ओळींवर उभं नाही.

राहिली पडताळणी. ‘दोन संशोधक स्वतंत्रपणे’ आणि ‘मतभेद चर्चेने’ या दोन वाक्यांत सगळ्यांत जास्त लपलेलं असतं.

दोघांचं किती जुळलं हे टक्क्यांत सांगायची पद्धत आहे, आणि टक्के फसवतात. समजा, दोघांनी तेच ५० तुकडे स्वतंत्रपणे कोड केले, आणि आपण ‘कामाच्या ठिकाणी आजार लपवणं’ हा एकच कोड तपासतो आहोत. डॉक्टरांनी तो पाच तुकड्यांना लावला, संशोधिकेने सहा तुकड्यांना. त्यांतले तीन तुकडे सामाईक. ४२ तुकड्यांना दोघांनीही लावला नाही. म्हणजे ५०पैकी ४५ ठिकाणी दोघं सहमत: ९० टक्के. अहवालात हा आकडा भारदस्त दिसतो. पण दोघांपैकी निदान एकाला तरी हा कोड दिसला असे तुकडे आठ होते, आणि त्यांतल्या फक्त तीन ठिकाणी दोघांचं जुळलं. उरलेली सहमती ‘इथे तो नाही’ याबद्दलची आहे, आणि क्वचित येणाऱ्या कोडबाबत ती फुकटच मिळते. दोघांनी डोळे मिटून पाच आणि सहा तुकड्यांना तो कोड चिकटवला असता तरी सरासरी ८० टक्क्यांच्या आसपास सहमती आली असती.

हा योगायोगाचा भाग वजा करण्यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६०मध्ये एक माप दिलं, ज्याला कापा म्हणतात. योगायोगाने मिळणाऱ्या सहमतीच्या वर जेवढी सहमती मिळणं शक्य होतं, त्यातली प्रत्यक्षात किती मिळाली, हे ते सांगतं. वरच्या उदाहरणात प्रत्यक्ष सहमती ०.९०, योगायोगाची ०.८०४. वर उरलेली जागा ०.१९६, मिळवलेली ०.०९६, भागाकार सुमारे ०.४९. १९७७मध्ये लँडिस आणि कॉक यांनी कापाच्या पायऱ्या सुचवल्या, त्यांत ही ‘मध्यम’ पायरी ठरते. त्या पायऱ्या आपण मनाने ठरवल्या आहेत, असं त्यांनीच तेव्हा लिहिलं होतं. म्हणून आराखड्यात ‘कापा ०.७०च्या वर असेल’ एवढं लिहून थांबू नये. प्रत्येक कोडचा कापा वेगळा काढायचा, आणि तो कमी आला तर दोघांनी न जुळलेले तुकडे समोर ठेवून कोडबुकमधला ‘कधी वापरायचा नाही’ हा रकाना दुरुस्त करायचा, असं लिहावं. आपल्या उदाहरणातले ते पाच तुकडे पाहिले तर बहुधा दिसेल, की डॉक्टरांनी भीती आणि लपवणं एकच धरलं होतं.

इथे एक निवड आधीच करावी लागते, आणि बरेच आराखडे ती टाळतात. कोडबुक करून, दोघांनी तेच मोजून, कापा काढायचा, हा एक मार्ग. ब्रॉन आणि क्लार्क यांच्या मार्गात संशोधकाची नजर हीच विश्लेषणाचं साधन मानली जाते. एकाच संशोधकाने खोलात जाऊन कोड केलं तरी तिथे चालतं, आणि दोन माणसांचे कोड जुळणं हे गुणवत्तेचं लक्षण मानलं जात नाही. दुसरा संशोधक असतोच तर तो वेगळं काय दिसतं हे दाखवण्यासाठी. दोन्ही मार्ग चांगले आहेत. पण त्या दोघींचा हवाला द्यायचा आणि पुढच्याच ओळीत कापा लिहायचा, म्हणजे आपण नेमकं काय करणार आहोत हे आपल्यालाच ठरवता आलेलं नाही. आपल्या क्षयरोगाच्या अभ्यासात प्रश्न नेमका आहे, निष्कर्ष आरोग्यखात्याला द्यायचे आहेत, आणि माणसांची तुलना करायची आहे. म्हणून इथे कोडबुक आणि तक्त्याचा मार्ग बरा. शोक किंवा मातृत्व अशा विषयावर दहा दीर्घ मुलाखती असत्या तर मी दुसरा मार्ग सुचवला असता.

आणि मग चर्चा. ज्येष्ठ डॉक्टर आणि नुकती शिकून आलेली मुलगी यांच्या चर्चेत मतभेद कसे मिटतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ‘सरांचा अनुभव दांडगा आहे’ म्हणून ती गप्प बसते, आणि अहवालात ‘एकमताने’ असं छापलं जातं. यावर उपाय स्वभाव बदलण्याचा नाही, पद्धत लिहिण्याचा आहे. चर्चेत मुलाखत घेणारीने आधी बोलायचं, कारण त्या घरात ती बसली होती. कुणी मत बदललं तर लेखनातल्या कुठल्या शब्दांमुळे बदललं, ते नोंदवायचं. पद किंवा अनुभव हे कारण धरायचं नाही. तरीही जुळलं नाही तर मुलाखतींशी संबंध नसलेल्या तिसऱ्या व्यक्तीला तो तुकडा दाखवायचा, आणि तिचंही न जुळल्यास तुकडा ‘वादग्रस्त’ म्हणून तसाच ठेवायचा. मुलाखतींच्या अभ्यासांचे अहवाल कसे लिहावेत याची ३२ मुद्द्यांची एक यादी २००७मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज अनेक वैद्यकीय नियतकालिकं ती भरून मागतात. कोडिंग किती जणांनी केलं, थीम कशा ठरल्या, हे त्यात विचारलेलं आहे. मतभेदात कुणाचं चाललं, हे ती विचारत नाही. ते आपणच लिहायचं.

एवढं ठरल्यावर ती पाच वाक्यं अशी होतात:

‘मुलाखतींचे मराठी लेखन हेच विश्लेषणाचे साहित्य असेल. एक प्रश्न व त्याचे पूर्ण उत्तर हा कोडिंगचा तुकडा धरला जाईल. दोन्ही संशोधक पहिल्या चार मुलाखती स्वतंत्रपणे वाचून कोड सुचवतील. त्यांतून तयार झालेली कोडबुक पुढील दोन मुलाखतींवर तपासून दुरुस्त केली जाईल, व पहिल्या चार मुलाखती दुरुस्त कोडबुकनुसार पुन्हा कोड केल्या जातील. उरलेल्या मुलाखती मुलाखतकार संशोधिका कोड करेल. त्यांतील दर पाचवी मुलाखत दुसरे संशोधक तिचे कोड न पाहता कोड करतील. प्रत्येक कोडची सहमती वेगळी काढली जाईल. ती कमी असल्यास व्याख्या दुरुस्त करून त्या कोडचे सर्व तुकडे पुन्हा पाहिले जातील. मतभेदांची नोंद निर्णयाच्या कारणासह ठेवली जाईल. सर्व ३२ व्यक्तींचा तक्ता करून थीम पूर्ण वाक्यांत मांडल्या जातील, आणि प्रत्येक वाक्याशी न जुळणाऱ्या व्यक्तींच्या मुलाखती दोघेही पुन्हा वाचतील. आराखड्यात नंतर झालेला प्रत्येक बदल तारीख व कारणासह अहवालात दिला जाईल.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. अशा कामात आराखडा बदलतोच, कारण माणसं अपेक्षेपेक्षा वेगळं बोलतात. बदल झाला यात काही वावगं नाही. तो केव्हा आणि कशामुळे झाला, हे दिसत राहायला हवं.

असा परिच्छेद लिहून झाला की तो पुरेसा स्पष्ट आहे का हे तपासायची एक सोपी रीत आहे. अभ्यासाशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला तो परिच्छेद, कोडबुक आणि कोड न केलेली एक मुलाखत द्यायची, आणि अर्धा दिवस काम करू द्यायचं. आपण काहीही समजावून सांगायचं नाही. ती जिथे थांबून प्रश्न विचारेल, तिथे आराखडा अपुरा आहे. आपल्या अभ्यासात ती बहुधा मुलाखतीच्या मध्यावर थांबेल. मुलाखतकार विचारते, ‘मग लोक काय म्हणतील म्हणून सांगितलं नाही का?’ आणि रुग्ण म्हणतो, ‘हो.’ सहकारी विचारते, याला ‘आजार लपवणं’ हा कोड लावायचा की नाही? रुग्णाने ते स्वतःहून म्हटलेलं नाही. त्याच्यासमोर ठेवलं गेलं. याचं उत्तर आराखड्यात कुठेच नव्हतं. म्हणून कोडबुकच्या दुसऱ्या आवृत्तीत एक नोंद वाढते: मुलाखतकाराने सुचवलेल्या गोष्टीला रुग्णाने नुसता होकार दिला असेल तर कोड लावायचा, शेजारी ‘सुचवलेलं’ अशी खूण करायची, आणि रुग्ण पुढे स्वतःच्या शब्दांत त्याबद्दल काही बोलला नसेल तर तो तुकडा थीमचा पुरावा म्हणून धरायचा नाही.